आडवी गाडी आणि दोन पत्रे

शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये पार्किंगची एकच लांबट जागा पुष्कळदा दोन फ्लॅटना मिळून दिलेली असते. एक गाडी भिंतीकडे आत लागते, दुसरी तिच्या पुढे, वाटेच्या बाजूला. अशा जागेसमोर तिसरी गाडी आडवी लागली की दोन्ही गाड्या अडकतात. हे वारंवार होऊ लागले की तोंडी बोलणे पुरत नाही. मग दोन पत्रे लिहावी लागतात, एक शेजाऱ्याला आणि दुसरे सोसायटीच्या सचिवांना. दोन्हींचे काम वेगळे असते, म्हणून एकाच मजकुराच्या दोन प्रती काढून भागत नाही.

उदाहरणादाखल पुण्यातली एक सोसायटी घेऊ. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमधली 14 नंबरची जागा 302 आणि 503 या फ्लॅटना मिळून दिली आहे, प्रत्येकी एक गाडी या बोलीवर. 503 मध्ये नंतर दुसरी गाडी आली. ती रात्री उशिरा येते आणि जागेच्या तोंडाशी आडवी लागते. 302 मधल्या माणसाला सकाळी साडेसातला निघायचे असते आणि त्या वेळी वर फोन उचलला जात नाही.

पत्र लिहिण्याआधी एक कागद शोधावा लागतो. ही जागा कोणाला, किती गाड्यांसाठी आणि कोणत्या ठरावाने दिली, हे सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात किंवा वाटपपत्रात असते. ‘बिल्डरने आम्हाला विकली’ हे उत्तर उघड्या किंवा स्टिल्ट पार्किंगच्या बाबतीत पुष्कळदा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात अशी जागा इमारतीचा सामाईक भाग ठरवली. त्या निकालानुसार बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. त्यामुळे ती कोणी कशी वापरायची हे सोसायटी ठरवते, आणि 503 च्या दुसऱ्या गाडीला परवानगी आहे की नाही याचे उत्तर सोसायटीच्या दप्तरातच मिळते.

शेजाऱ्याचे पत्र छोटे असावे. त्यात तारखा असाव्यात, ‘नेहमी’ किंवा ‘मुद्दाम’ असले शब्द नसावेत. ‘नेहमी’ म्हटले की समोरचा एखादा चांगला दिवस काढून दाखवतो आणि ‘मुद्दाम’ म्हटले की भांडण गाडीवरून माणसावर येते. नमुना असा:

‘सप्रेम नमस्कार. आपली दुसरी गाडी 3, 6, 9 आणि 14 जूनला रात्रभर 14 नंबरच्या जागेसमोर आडवी होती. 6 आणि 14 तारखेला सकाळी फोन लागला नाही, त्यामुळे मला रिक्षाने जावे लागले. ही जागा आपल्या दोघांची आहे आणि सोसायटीने तिथे प्रत्येकी एक गाडी मंजूर केली आहे. दुसरी गाडी कृपया तिथे लावू नये. एखाद्या रात्री इलाजच नसेल, तर मला आधी कळवून किल्ली वॉचमनकडे ठेवावी. आपल्याला सोयीचे असेल तेव्हा मी बोलायला वर येईन.’

पत्रात मागणे एकच आहे आणि अडीअडचणीची वाट मोकळी ठेवली आहे. पोलीस, वकील, दंड यांचा उल्लेख इथे करू नये. शेजारी याच पत्रावर थांबण्याची शक्यता बरीच असते आणि धमकीने ती घालवली जाते. पत्र हातात द्यावे आणि प्रत जपून ठेवावी. गाडीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरावा. तिथे शेजाऱ्याची चारचौघांत शोभा होते आणि कमिटीकडे मात्र काहीच नोंदले जात नाही. फ्लॅटमध्ये भाडेकरू राहत असेल तर भाडेकरूशी बोलावे, पण लेखी पत्राची एक प्रत फ्लॅटमालकाला द्यावी. सोसायटीचा सभासद तोच असतो आणि पुढची कारवाई झालीच तर ती त्याच्यावर होते.

आठ-पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर दुसरे पत्र सचिवांना जाते. त्याचा विषय नेमका हवा: ‘पार्किंग क्र. 14 समोर फ्लॅट क्र. 503 चे दुसरे वाहन लावून होणाऱ्या अडथळ्याबाबत तक्रार’. आत तारखांचा छोटा तक्ता, वाहनाचा क्रमांक, शेजाऱ्याला दिलेल्या पत्राची प्रत आणि फोटो असावेत. फोटोत नंबरप्लेट आणि खांबावरचा जागेचा आकडा दोन्ही दिसले पाहिजेत, नाहीतर ती गाडी कुठेही उभी असू शकते. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून अमुक रात्रींचे चित्रण जपून ठेवावे अशी विनंती याच पत्रात करावी.

शेवटी कमिटीने काय करावे ते लिहावे. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ या वाक्याने कमिटीवर कसलीच जबाबदारी येत नाही. त्याऐवजी लिहावे: 503 ला किती वाहनांची परवानगी आहे ते लेखी कळवावे, जादा वाहन तिथे न लावण्याची लेखी सूचना द्यावी, आणि जागेच्या तोंडाशी पिवळा पट्टा आखावा. पत्र सचिवांच्या हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्क्यासह पोच घ्यावी.

पोच लागते, कारण पुढची मुदत त्या तारखेवरून मोजली जाते. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार लेखी तक्रारीवर कमिटीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा असतो आणि तो त्यानंतर पंधरा दिवसांत कळवायचा असतो. कमिटीची सभा महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी. आपल्या सोसायटीने नोंदवलेल्या उपविधींची प्रत मात्र स्वतः वाचावी, कारण लागू तीच होते.

दंडाचीही रीत ठरलेली आहे. सचिव किंवा अध्यक्ष रागाच्या भरात मेन्टेनन्स बिलात दंड चढवू शकत नाहीत. आधी लेखी समज, मग कारणे दाखवा नोटीस, सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी आणि मग सर्वसाधारण सभेचा निर्णय, असा क्रम असतो. आदर्श उपविधींत अशा दंडाची कमाल मर्यादा वर्षाला 5,000 रुपये आहे. चाकाला कुलूप लावायचे असेल तर त्यालाही आधी सर्वसाधारण सभेचा ठराव असलेला बरा.

त्रास सोसणाऱ्याने दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. आडव्या गाडीची हवा सोडली किंवा तिला ओरखडा काढला, तर नुकसान केल्याचा गुन्हा तक्रारदारावरच लागू शकतो. आणि निषेध म्हणून मेन्टेनन्स थांबवला, तर तोच थकबाकीदार ठरतो आणि त्याची बाजू पडते.

कमिटीने उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाता येते. आदर्श उपविधींमध्ये पार्किंगचे वाद याच न्यायालयाकडे नेण्याच्या यादीत आहेत. उपनिबंधक कार्यालयाचे उंबरठे झिजवण्यात कितीतरी सभासदांचे महिने जातात, आणि अखेर तिथून सहकार न्यायालयाचाच रस्ता दाखवला जातो. न्यायालयात वाटपाचा ठराव, दोन्ही पत्रे आणि सचिवांच्या सहीची पोच हे कागद लागतात. म्हणून पहिल्या पत्रापासूनच ते एका फायलीत तारखेवार लावून ठेवावेत.