पाच लाख व्हायला किती महिने?

दर महिनाअखेरीस ५,००० रुपये, व्याज महिना अर्धा टक्का. ५ लाख कधी होतील? इथे अज्ञात संख्या घातांकात बसलेली असते. सूत्र सोडवत गेलं की १.००५ चा ‘न’वा घात = १.५ एवढंच उरतं. दोन्हीकडे लॉगॅरिथम घेतला की घातांक खाली उतरतो: ०.४०५५ भागिले ०.००४९८८, म्हणजे सुमारे ८१.३. पण ०.३ हप्ता कुणी भरत नाही. ८१ हप्त्यांनंतर साधारण २,२०० रुपये कमी पडतात, आणि पुढच्या महिन्याचं व्याजच जवळपास २,४९० येतं. थोडक्यात, ८२वा हप्ता भरायचीही गरज नाही!

हेच ७२ महिन्यांत हवं असेल, तर दर किती लागेल? आता लॉगॅरिथम हात टेकतो, कारण दर घाताच्या आतही आहे आणि भाजकातही. मग अंदाज घ्यायचा. महिना ०.८ टक्क्याला ४.८४ लाख होतात, ०.९ ला ५.०३ लाख. उत्तर या दोहोंमध्ये, ०.९ च्या जवळ: सुमारे ०.८८२. वर्षाला बारापट, म्हणजे १०.६ टक्के. इतका दर हमखास देतो म्हणणाऱ्याकडे मी तरी संशयानेच पाहीन.