Explainer: नांदेड-लातूरच्या १५ जागा, प्रत्येकीला ९५ टक्के खात्री, मग सगळा सर्व्हे बरोबर येण्याची खात्री फक्त ४६ टक्के कशी?

निवडणूक जवळ आली की मोबाइलवर सर्व्हेचे आकडे फिरू लागतात. ‘अमुक जागेवर अमुक आघाडीला ४४ टक्के मते, चूक अधिक-उणे ४ टक्के, खात्री ९५ टक्के.’ एका जागेपुरते हे वाक्य ठीक आहे. पण नांदेड जिल्ह्यातील ९ आणि लातूर जिल्ह्यातील ६ अशा १५ विधानसभा मतदारसंघांचा तक्ता एकत्र छापला, तर त्या तक्त्याची खात्री ९५ टक्के राहत नाही. ती कुठे घसरते आणि पुन्हा ९५ वर आणायची तर किती जास्त मतदारांना भेटावे लागते, ते समजून घेऊ.

९५ टक्के खात्री म्हणजे नेमके काय?

सर्व्हेत सगळ्या मतदारांना विचारता येत नाही, म्हणून काही जण निवडले जातात. त्यांच्या उत्तरावरून आकडा मिळतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चुकीची जागा सोडली जाते. ४४ टक्के, अधिक-उणे ४ म्हणजे ४० ते ४८ असा पट्टा. यालाच कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. असा सर्व्हे त्याच पद्धतीने १०० वेळा केला, तर साधारण ९५ वेळा खरा आकडा पट्ट्यात सापडेल आणि ५ वेळा बाहेर राहील, असा ९५ टक्क्यांचा अर्थ आहे.

एका जागेसाठी किती मतदार लागतात, याचे सूत्र सोपे आहे:

n = z² × p(1−p) / e²

यात e म्हणजे चालणारी चूक. p म्हणजे मतांचा वाटा. तो आधी माहीत नसतो, म्हणून सर्वांत जास्त नमुना मागणारा ०.५ धरतात. ९५ टक्के खात्रीसाठी z चे मूल्य १.९६ असते. चूक ४ टक्के धरली, तर उत्तर येते ६०१ मतदार. म्हणजे किनवटपासून निलंग्यापर्यंत प्रत्येक मतदारसंघात ६०१ जण, १५ जागांचे मिळून ९,०१५.

मग घोळ कुठे होतो?

सोयीसाठी प्रत्येक जागेचा एक पट्टा धरू, समजा एकाच आघाडीच्या मतांचा. एक पट्टा बरोबर असण्याची शक्यता ०.९५. दोन्ही बरोबर असण्याची ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे सुमारे ०.९०. असे १५ वेळा गुणले की उरतात ०.४६. म्हणजे सर्वेक्षकाने काम अगदी चोख केले, तरी १५ पैकी किमान एक पट्टा चुकण्याची शक्यता ५४ टक्के आहे. तो कोणता, हे सर्व्हेवरून कळत नाही. भोकरचा असेल, नाहीतर औशाचा.

उदगीरच्या कार्यकर्त्याला फक्त उदगीरचा आकडा हवा असेल, तर त्याला ९५ टक्के पुरेसे आहेत. पण ‘१५ पैकी ११ जागांवर आघाडी’ असा मथळा करायचा असेल, तर तो सगळ्या पट्ट्यांच्या एकत्रित खरेपणावर उभा असतो. तिथे खात्री १५ जागांची मिळून एकच हवी.

उपाय काय?

इटालियन गणितज्ञ कार्लो बोनफेरोनी यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम इथे वापरतात. ऑलिव्ह जीन डन यांनी १९६१ मध्ये तो अशा एकत्रित पट्ट्यांसाठी मांडला. नियम घरखर्चासारखा आहे. एकूण चुकीसाठी ५ टक्क्यांचे बजेट आहे आणि वाटेकरी १५ आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.३३ टक्के. म्हणजे प्रत्येक पट्टा ९५ नव्हे, ९९.६७ टक्के खात्रीचा काढायचा. निदान एक चूक होण्याची शक्यता सगळ्या चुकांच्या बेरजेपेक्षा कधीच जास्त नसते, त्यामुळे एकूण खात्री ९५ च्या खाली जात नाही.

नवा z मोबाइलवरच्या एक्सेलमध्येही काढता येतो:

```
=NORM.S.INV(1-0.05/(2*15))
```

उत्तर येते २.९३५२. आता दोन रस्ते आहेत. नमुना ६०१ च ठेवला, तर पट्टा रुंद होतो: अधिक-उणे ४ ऐवजी ६ टक्के. आघाडीला ३८ ते ५० टक्के मते मिळतील, असे सांगून वाचकाच्या हाती फारसे काही पडत नाही. दुसरा रस्ता म्हणजे ४ टक्क्यांची चूक कायम ठेवून नमुना वाढवायचा. सूत्रात २.९३५२ घातले की प्रत्येक जागेला १,३४७ मतदार लागतात, एकूण २०,२०५. काम सव्वादोन पट झाले.

दिलासा एवढाच की ही वाढ पट्ट्यांच्या संख्येइतक्या वेगाने होत नाही. प्रत्येक जागेवर दोन आघाड्या आणि ‘इतर’ असे तीन पट्टे दिले, तर एकूण ४५ पट्टे होतात. पट्टे तिप्पट झाले, तरी नमुना १,३४७ वरून साधारण १,६६० पर्यंतच जातो. एकाच जागेवरचे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले असतात, एकाची मते वाढली की दुसऱ्याची घटतात. तरीही बोनफेरोनीचा नियम लागू पडतो, कारण पट्टे स्वतंत्र असण्याची त्याला अट नाही.

कुठे चुकते?

पहिली चूक पट्टे मोजण्यात होते. सर्व्हेत ४५ पट्टे काढायचे, त्यातले चमकदार ५ छापायचे आणि चुकीचे बजेट मात्र पाचांत वाटायचे, हे चालत नाही. निवड निकाल पाहून झाली असेल, तर भागाकार ४५ नेच करावा लागतो. म्हणून किती पट्टे काढणार, हे सर्व्हेआधी ठरलेले हवे.

दुसरी चूक मतदार निवडण्यात. वरचे सूत्र प्रत्येक मतदार स्वतंत्रपणे चिठ्ठी टाकून निवडला, असे धरते. प्रत्यक्षात काही बूथ निवडून तिथल्या १५-२० जणांना विचारले जाते आणि एका वस्तीतली मते बरीच सारखी असतात. त्यामुळे १,३४७ जणांकडून तेवढी माहिती मिळत नाही. या सारखेपणाचा परिणाम दीडपट धरला, तर नमुना २,०२१ होतो. आणि सगळे मतदार लातूरच्या गंजगोलाईतच गाठले असतील, तर नमुना दहापट केला तरी ती चूक कमी होत नाही. खात्रीचा टक्का फक्त योगायोगाची चूक मोजतो, बाजू घेतलेल्या निवडीची नाही.

नमुना वाढवण्याची हद्द

नोव्हेंबर २०२४ मध्ये नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक काँग्रेसने भाजपविरुद्ध फक्त १,४५७ मतांनी जिंकली. दोघांनाही ५ लाख ८५ हजारांहून जास्त मते होती. या दोघांच्या मतांत विजेत्याचा वाटा ५०.०६ टक्के होता. एवढा फरक ९५ टक्के खात्रीने पकडायचा, तर वरच्या सूत्राने सुमारे २५ लाख मतदार लागतात. दोघांची मते मिळून १२ लाखही नव्हती. अशा जागेचा प्रामाणिक निष्कर्ष एकच असतो: ‘लढत अटीतटीची, विजेता सांगता येत नाही.’

त्यामुळे पुढचा सर्व्हे हाती आला की दोन गोष्टी पाहा. प्रत्येक जागेवर किती जणांना विचारले? आणि दिलेली खात्री एका जागेची आहे की सगळ्या जागांची मिळून? १५ जागांसाठी प्रत्येकी ६०० च्या आसपास नमुना आणि अधिक-उणे ४ टक्के असे लिहिले असेल, तर ती खात्री जागेपुरती आहे. त्यावर ‘१५ पैकी ११’ चा मथळा उभा राहत नाही.