एक आकडा, एक आजी

समजा, एका नेत्रसेवा संस्थेच्या वार्षिक अहवालात एवढेच आहे : ‘मोतीबिंदूच्या ४०० शस्त्रक्रिया झाल्या, ३६० रुग्णांची दृष्टी सुधारली.’ यावरून दोन मिनिटांची चित्रफीत करावयाची आहे. निवेदनास फार तर दोनशे शब्द मिळतील; म्हणून एकच व्यक्ती निवडावी. ती सर्वांत करुण नसावी, त्या ३६० जणांसारखी असावी.

एका आजींना सुईत दोरा ओवता येत नव्हता. ‘पट्टी सुटताच जग उजळले’ असे लिहिण्याचा मोह येथे होतो. पण आजी सांगतात, महिन्याने चष्मा मिळाला, तेव्हा कोठे दोरा ओवला गेला. तेच लिहावे, हृदयाला तेच अधिक भिडते. भावना आजींच्या तोंडून यावी, आकडा निवेदकाच्या.

दोरा ओवला जाताच ‘३६०’ म्हणावे, आणि पाठोपाठ उरलेल्या ४० जणांविषयीही एक वाक्य सांगावे. ते गाळले, तर आजींची खरी गोष्टही खोटी साक्ष देऊ लागते. अखेरीस संहिता आजींना वाचून दाखवावी. त्यांनी होकार दिला, तरच चित्रीकरणास हात घालावा.