तुमचा आवाजच येत नाहीये!

समोरच्याचं बोलणं तुम्हाला खणखणीत ऐकू येतंय आणि तो मात्र ‘हॅलो, हॅलो’ करतोय. एकाच माणसाची तक्रार असेल तर गडबड त्याच्या फोनमध्ये किंवा रेंजमध्येही असू शकते. पण चार जण तेच म्हणू लागले, की आपल्या फोनचा माइक तपासायचा. त्याआधी ब्लूटूथ बंद करून पाहावं. कपाटातल्या इयरबड्सशी फोन गुपचूप जोडलेला असतो आणि आपण हवेत बोलत बसतो.

बहुतेक स्मार्टफोनला किमान दोन माइक असतात. मुख्य माइक खाली, चार्जिंगच्या खाचेशेजारच्या बारीक भोकाआड. दुसरा बहुधा वरच्या कडेला. तो आजूबाजूचा गोंगाट टिपतो. तोंडाजवळ असल्यामुळे खालच्या माइकला तुमचा आवाज मोठा मिळतो, वरच्याला लहान. रस्त्यावरचा हॉर्न दोघांना साधारण सारखाच. जे दोन्हीकडे सारखं, तो गोंगाट समजून फोन दाबून टाकतो.

आता पिठाच्या गिरणीतला फोन घ्या. पीठ आणि घाम मिळून खालच्या भोकात लगदा बसला. तोंडाजवळचा माइकच अर्धा बहिरा झाला, त्यामुळे मालकाचा आवाज दोन्ही माइकना जवळपास सारखाच पोचतो. फोन त्यालाही गोंगाट ठरवतो. म्हणून अशा फोनवर व्हॉइस रेकॉर्डरमध्ये आवाज बारीक, दबका का होईना, येतो. कॉलवर मात्र तुटतो किंवा गायबच होतो. स्पीकर लावला की कित्येकदा सगळं सुरळीत, कारण तेव्हा अनेक फोन वेगळा माइक वापरतात.

खात्री करायला कव्हर काढा. व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून नेहमीसारखं बोला, मग खालच्या भोकाजवळ नखाने हलकेच खरवडा. नंतर मागच्या कॅमेऱ्याने छोटा व्हिडिओ काढा; त्यासाठी बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याजवळचा माइक चालतो. व्हिडिओ स्वच्छ आणि रेकॉर्डिंग दबकं, तर खालचं भोक बुजलंय. कव्हर काढताच फरक पडला, तर दोष कव्हरचा. दोन्ही रेकॉर्डिंग स्वच्छ, पण एका ॲपवरच्या कॉलला आवाज नाही, तर त्या ॲपची माइकची परवानगी बघा.

साफ करताना फोन बंद करावा, भोक जमिनीकडे धरावं आणि कोरड्या, मऊ ब्रशने झटकावं. टाचणी नको, सिमची पिन तर नकोच: आत बारीक जाळी असते, तिच्यामागे नाजूक पडदा. फुंकर मारली तर तोंडातली वाफ पिठाला आणखी घट्ट करते.

ब्रशनंतरही रेकॉर्डिंग दबकंच राहिलं, तर दुरुस्तीवाल्याकडे जावं. अनेक फोनमध्ये खालचा माइक चार्जिंगच्या छोट्या पट्टीवरच असतो आणि ती पट्टी बदलता येते. वरचा माइक मात्र बऱ्याचदा मुख्य बोर्डावर असतो. ते काम किचकट आणि महाग. म्हणून कोणता माइक गेलाय हे रेकॉर्डिंग ऐकवूनच दुकानात बोलणी करावी.