स्लॅब ओलांडला म्हणून हातातला पगार घटत नाही

एप्रिल-मेमध्ये पगारवाढीची पत्रं हातात पडू लागली की ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वाढ मिळाली खरी, पण आता वरच्या स्लॅबमध्ये गेलो. हातात उलट कमीच पडणार." काही जण तर ही भीती खरी मानून जादा काम नाकारतात किंवा बोनस पुढच्या वर्षी द्या म्हणून विनंती करतात. यात त्यांचं खरंखुरं नुकसान होतं, म्हणून हा हिशेब एकदा शांतपणे मांडायला हवा.

नाशिकच्या एखाद्या कारखान्यातली इंजिनिअर डोळ्यांसमोर आणू. वर्षाचा पगार साडेसोळा लाख, नवी करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६. पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली की करपात्र उत्पन्न उरतं १५ लाख ७५ हजार. त्या वर्षीच्या दरांनुसार पहिल्या चार लाखांवर कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १० टक्के, बारा ते सोळावर १५ टक्के आणि सोळा ते वीसवर २० टक्के. त्यापुढेही टप्पे आहेत, पण इथे ते लागत नाहीत. आता तिला एक लाखाची वाढ मिळते. करपात्र उत्पन्न १६ लाख ७५ हजार होतं, म्हणजे सोळा लाखांची रेघ ओलांडली जाते.

भीती वाटते ती अशी: आधी सगळ्या उत्पन्नावर १५ टक्के जात होते, आता सगळ्यावर २० टक्के जाणार. तसं खरोखर असतं तर कर २ लाख ३६ हजारांवरून थेट ३ लाख ३५ हजारांवर गेला असता, आणि त्यावरचा ४ टक्के उपकर धरला तर एक लाखाची वाढ पुरती गिळून तिच्या खिशातून आणखी २,७०० रुपये गेले असते. म्हणजे भीतीमागचं गणित बरोबर आहे. चुकलेलं आहे ते गृहीतक. दर सगळ्या उत्पन्नाला लागतच नाही, तो फक्त त्या त्या टप्प्यात पडणाऱ्या रकमेला लागतो. महावितरणचं घरगुती बिल नीट पाहिलंत तर हेच दिसेल: वापर शंभर युनिटच्या वर गेला म्हणून पहिली शंभर युनिटं महाग होत नाहीत, महाग होतात ती पुढची.

आता इंजिनिअरचा खरा कर काढू. पहिल्या चार लाखांवर शून्य, पुढच्या चारवर २० हजार, त्यापुढच्या चारवर ४० हजार, आणि बारा लाखांच्या वरच्या पावणेचार लाखांवर १५ टक्क्यांनी ५६,२५०. उपकरासह एकूण १,२०,९००. वाढीनंतर यातला एकही आकडा मागे जाऊन बदलत नाही. वाढलेल्या एक लाखातले पहिले २५ हजार अजून १५ टक्क्यांच्याच टप्प्यात बसतात आणि त्यांवर ३,७५० रुपये लागतात. उरलेले ७५ हजार २० टक्क्यांच्या टप्प्यात जातात, त्यांवर १५ हजार. उपकर धरून जादा कर १९,५००. एक लाखातले ८०,५०० रुपये तिच्याकडेच राहतात. रेघ ओलांडल्याची किंमत म्हणाल तर एवढीच, की रेघेपलीकडच्या प्रत्येक शंभर रुपयांवर पाच रुपये जास्त.

म्हणूनच "मी २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे" या वाक्यातून फक्त पुढच्या रुपयाचं काय होईल ते कळतं. सगळ्या पगाराचा विचार केला तर साडेसतरा लाखांवर ती भरते १,४०,४००, म्हणजे जेमतेम आठ टक्के.

मग "माझा पगार खरंच कमी आला" असं सांगणारी माणसं खोटं बोलतात का? मुळीच नाही. कारण टीडीएसमध्ये आहे. कंपनी तुमच्या वर्षभराच्या कराचा अंदाज बांधते आणि उरलेल्या महिन्यांत वाटून तो कापते. हाच एक लाख रुपये पगारवाढीऐवजी फेब्रुवारीत बोनस म्हणून मिळाला असं धरा. जानेवारीपर्यंत दरमहा १०,०७५ रुपये कापले गेलेत. बोनसमुळे वर्षाचा कर वाढला आणि वसुलीला दोनच महिने उरले, म्हणून फेब्रुवारी आणि मार्चमध्ये प्रत्येकी १९,८२५ कापले जातात. मार्चची पगारपावती जानेवारीच्या शेजारी ठेवली की पगार जवळपास दहा हजारांनी घटलेला दिसतो, आणि "बोनसनं घात केला" ही समजूत पक्की होते. पण बोनस फेब्रुवारीत आला आणि त्याच्या कराचा निम्मा भाग मार्चमध्ये गेला, इतकंच घडलेलं असतं. एका महिन्याच्या पावतीवरून निष्कर्ष काढू नये. एप्रिल ते मार्च मिळालेली एकूण रक्कम आणि कापलेला एकूण कर फॉर्म १६ मध्ये असतो, तुलना करायची ती त्याची.

इथवर स्लॅबचं झालं. पण स्लॅबच्या शेजारी एक वेगळी गोष्ट उभी आहे आणि तिच्याबाबतीत सावध राहायला हवं, ती म्हणजे कलम ८७ए ची सूट. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर स्लॅबनुसार येणारा ६० हजारांचा कर पूर्ण माफ होतो. ही माफी टप्प्याटप्प्यानं विरत नाही. बारा लाखांच्या वर गेलात की ती जाते. दहा हजारांची वाढ मिळून उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर स्लॅबनं कर येतो ६१,५००. दहा हजारांपायी साठ हजार जाऊ नयेत म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे: बारा लाखांच्या वर जेवढी कमाई, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणून कर दहा हजारांवर थांबतो. मात्र त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ४०० रुपये लागतातच. या चिंचोळ्या पट्ट्यात हातात खरोखर थोडं कमी पडतं, जास्तीत जास्त २,८०० रुपयांच्या आसपास. पगारदाराच्या बाबतीत हा पट्टा पावणेतेरा लाखांपासून सुमारे साडेतेरा लाखांपर्यंतचा. त्यापुढे गेलात की वाढ पुन्हा हातात पडू लागते.

जुन्या प्रणालीत ही कड जास्त धारदार आहे. तिथे पाच लाखांपर्यंतचा १२,५०० रुपयांचा कर माफ होतो, पण सीमांत सवलत नाही. करपात्र उत्पन्न ५,००,०१० झालं तर दहा रुपयांपायी उपकरासह सुमारे १३ हजार भरावे लागतात. अशा वेळी ३१ मार्चपूर्वी पीपीएफमध्ये थोडी रक्कम भरून उत्पन्न पाच लाखांवर आणता येतं, अर्थात ८०सी ची दीड लाखांची मर्यादा आधीच संपलेली नसेल तर. पण आज या कडेवर उभी असणारी माणसं थोडी. पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर नव्या प्रणालीत कर तसाही शून्य आहे, आणि त्याहून मोठा पगार घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, विमा अशा वजावटींनी पाच लाखांपर्यंत खाली आणणं फार थोड्यांना जमतं.