दुधाचे आकडे आणि एका शीटची परवानगी

समजा, गावातल्या दूध संकलन केंद्रात सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ या नोंदी केंद्रातल्या संगणकावर साठतात. रात्री एक छोटा प्रोग्रॅम आपोआप चालतो आणि दिवसभराच्या नोंदी एका गूगल शीटमध्ये नेऊन टाकतो. तालुक्याचं ऑफिस सकाळी ती शीट उघडतं. या रोजच्या कामाला सिंक म्हणतात. आता हा प्रोग्रॅम त्या शीटमध्ये लिहितो, तो कोणाच्या नावाने?

सगळ्यात सोपी वाट म्हणजे सचिवांच्या नावाने. त्यांनी एकदा लॉगिन करून संमती दिली की काम सुरू. पण त्यांच्याच ड्राइव्हमध्ये दर दहा दिवसांच्या बिलांची शीट असते, सभासदांचे बँक खाते क्रमांक असतात. त्या संमतीच्या बळावर प्रोग्रॅम तिथेही लिहू शकतो. सेटिंगमध्ये शीटचा आयडी चुकून बिलाच्या शीटचा पडला, तर फॅटचे आकडे रकमांच्या रकान्यात जाऊन बसतील आणि कुणीही अडवणार नाही. शिवाय सचिव बदलले, त्यांचं खातं बंद झालं, की सिंकही बंद.

म्हणून प्रोग्रॅमला स्वतःचं खातं द्यावं. त्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. गूगल क्लाउडमध्ये एक प्रोजेक्ट उघडायचा, त्यात शीट्स एपीआय सुरू करायचं आणि हे खातं तयार करायचं. तयार करताना प्रोजेक्टमधली भूमिका विचारली जाते. ती जागा रिकामी सोडायची. ‘पुढे अडायला नको’ म्हणून तिथे एडिटर निवडण्याचा मोह होतो, पण त्या भूमिकेचा शीटशी संबंध नाही. ती प्रोजेक्टमधल्या सर्व्हर आणि साठवणीवरचा हक्क देते, आणि या कामाला त्याची गरजच नाही.

खातं तयार झालं की त्याला ईमेलसारखा पत्ता मिळतो, उदाहरणार्थ `dudh-sync@sanklan.iam.gserviceaccount.com`. संकलनाची शीट उघडून, एखाद्या माणसाशी करावी तशीच ती या पत्त्याशी एडिटर म्हणून शेअर करायची. फक्त ती शीट, तिचा फोल्डर नव्हे. फोल्डर शेअर केला, तर आत आज असलेल्या आणि उद्या येणाऱ्या प्रत्येक फाइलपर्यंत परवानगी झिरपते. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये एडिटरना परवानग्या बदलू देणारा पर्यायही बंद करावा, नाहीतर हे खातं इतरांनाही आत घेऊ शकतं.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. प्रोग्रॅम लिहिताना त्याला कोणती सेवा हवी, तो ‘स्कोप’ सांगावा लागतो. आपण फक्त शीट्सचा स्कोप मागितला, म्हणजे बंदोबस्त झाला असं वाटतं. पण स्कोप मागतो तो किल्लीची फाइल हातात असणारा. ती फाइल चोरीला गेली, तर चोर त्याला हवा तो स्कोप मागेल. त्याला खरी अडवणूक होते ती शेअरिंगपाशी: या खात्याशी जे शेअर केलेलं नाही, ते त्याला मिळत नाही. गूगल वर्कस्पेसमध्ये प्रशासकाने खात्याला ‘डोमेन-वाइड डेलिगेशन’ दिलं असेल, तर मात्र ते संस्थेतल्या इतरांच्या नावाने वावरू शकतं आणि ही अडवणूक कोसळते. या कामासाठी ते कधीच देऊ नये.

मग तपासणी. संकलनाच्या शीटमध्ये ओळ लिहिली गेली, एवढ्यावर थांबू नये. मुद्दाम बिलाच्या शीटची एक प्रत करावी, तिचा आयडी देऊन प्रोग्रॅम चालवावा. उत्तर 403 यायला हवं, सोबत `The caller does not have permission`. त्याऐवजी ओळ लिहिली गेली, तर ती प्रत बहुधा मोकळ्या झालेल्या फोल्डरमध्ये आहे किंवा ‘लिंक असलेल्या कुणालाही’ संपादनासाठी खुली आहे. दुसऱ्या प्रकारात दोष खात्याचा नाही, ती शीट साऱ्या जगालाच उघडी असते.

डेटाबेसच्या बाजूलाही हेच धोरण ठेवावं. प्रोग्रॅमला तिथे फक्त वाचायचं असतं, म्हणून मायएसक्यूएलमध्ये त्याच्या खात्याला एवढंच द्यावं:

```
GRANT SELECT ON dudh.sanklan TO 'dudhsync'@'localhost';
```

इतकं करूनही ज्या शीटवर हक्क दिला, ती शीट सुरक्षित होत नाही. किल्ली मिळालेला माणूस तिच्यातल्या सगळ्या ओळी पुसू शकतो. म्हणून त्या शीटमध्ये फक्त सिंकने आलेल्या नोंदी ठेवाव्यात आणि बेरजा, बिलं वेगळ्या शीटमध्ये `IMPORTRANGE` ने ओढून घ्यावीत. नोंदी पुसल्या गेल्याच, तर आधी ती किल्ली क्लाउडमधून रद्द करावी, मग व्हर्जन हिस्टरीतून आदल्या दिवसाची शीट परत आणावी आणि त्यानंतरच्या नोंदी केंद्रातल्या डेटाबेसवरून पुन्हा भराव्यात.