विरोध कळवणारं नऊ पानी पत्र

१५ नोव्हेंबर १९६१ या तारखेचं एक पत्र नासाच्या मुख्यालयात रॉबर्ट सीमन्स यांच्या टेबलावर आलं. सीमन्स हे त्या संस्थेतले तिसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्र लिहिणारे जॉन हूबोल्ट व्हर्जिनियातल्या लँगली संशोधन केंद्रात अभियंता होते. त्यांच्या आणि सीमन्स यांच्या मधे अधिकाऱ्यांच्या कितीतरी पायऱ्या होत्या आणि त्या सगळ्या ओलांडून हे पत्र आलं होतं. चंद्रावर माणूस उतरवण्याची जी पद्धत वरची मंडळी पक्की करत आणत होती ती चुकीची आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. वरिष्ठांशी लेखी असहमती कशी मांडावी आणि कशी मांडू नये, या दोन्हींचा इतका चांगला नमुना क्वचितच सापडतो.

आधी वाद काय होता ते पाहू. त्याच वर्षी २५ मे रोजी केनेडी यांनी दशक संपण्याआधी माणसाला चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. नासात तेव्हा दोन मार्गांना वजन होतं. एक म्हणजे ‘नोव्हा’ नावाचं अवाढव्य रॉकेट बांधायचं आणि अख्खं यान थेट चंद्रावर उतरवून तिथूनच परत उडवायचं. दुसरा म्हणजे अनेक रॉकेटांनी सुटे भाग पृथ्वीच्या कक्षेत नेऊन तिथे यान जुळवायचं. व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्या हंट्सव्हिलच्या केंद्राचा कल या दुसऱ्या मार्गाकडे होता. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान होती. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणारं उष्णतारोधक कवच, पॅराशूट, परतीच्या प्रवासाचं इंधन, हे सगळं चंद्राच्या पृष्ठभागावर उतरवायचं आणि पुन्हा वर उचलायचं. चंद्रावर यातल्या कशाचाही उपयोग नव्हता.

हूबोल्ट यांचा पर्याय असा होता: मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं. एका छोट्या, हलक्या यानातून खाली उतरायचं. काम झालं की त्याचा फक्त वरचा भाग उडवून मुख्य यानाला गाठायचं आणि तो भागही तिथेच सोडून घरी निघायचं. गड चढताना आपण मुक्कामाचं सामान पायथ्याच्या गावात ठेवतो, त्यातला हिशेब हाच. चंद्रावरून उचलायच्या प्रत्येक किलोसाठी पृथ्वीवरून कितीतरी किलो इंधन न्यावं लागतं, त्यामुळे तिथे वाचवलेलं थोडं वजनही इथलं रॉकेट खूप लहान करतं. ही मूळ कल्पना हूबोल्ट यांची एकट्यांची नव्हती. लँगलीतल्या सहकाऱ्यांनी आणि इतरांनीही तिच्यावर काम केलं होतं. ती लेखी लावून धरली मात्र हूबोल्ट यांनी.

त्या पत्रातला सगळ्यात कामाचा भाग मला त्यांनी विचारलेल्या प्रश्नात दिसतो. आपल्याला चंद्रावर जायचं आहे की नाही, असं ते विचारतात. हा प्रश्न दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या उद्दिष्टापाशी जाऊन उभा राहतो. अमुक वरिष्ठांची योजना वाईट, असं म्हटलं की वाद माणसांचा होतो. उद्दिष्ट आणि मुदत दोघांनाही मान्य आहे, मग विचार एकाच चाकोरीत का अडवायचा, असं विचारलं की वाद निकषांवर येतो. हूबोल्ट यांचा आक्षेपही निकषांवरच होता. समित्यांना चौकट घालून दिली जाते, त्या चौकटीत न बसणारी योजना तपासलीच जात नाही, आणि मग समितीनेच ती नाकारली असं म्हटलं जातं. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ज्यांनी फायली हाताळल्या आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. टिपणीच्या पहिल्या परिच्छेदातच उत्तर ठरलेलं असतं आणि शेवटी ‘मान्यतेसाठी सादर’ एवढंच उरतं.

दुसरी गोष्ट, पत्र एकटं नव्हतं. दोनच आठवड्यांपूर्वी, ऑक्टोबर अखेरीस, लँगलीच्या मंडळींनी या पद्धतीवर दोन खंडांचा अहवाल तयार केला होता. वजनं, टप्पे, वेळापत्रक असं सगळं त्यात होतं. विरोधकांचा मुख्य आक्षेपही हूबोल्ट यांनी टाळला नाही. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर दोन यानांची भेट चुकली, तर आतल्या माणसांना वाचवायला कोणी जाऊ शकणार नव्हतं, आणि अशी भेट तोवर पृथ्वीच्या कक्षेतही कोणी घडवून आणलेली नव्हती. यावर त्यांचं म्हणणं होतं की चंद्राभोवती ना हवामानाची अडचण, ना हवेचं घर्षण, त्यामुळे हे काम वाटतं तेवढं अवघड नाही. पर्याय सुचवणाऱ्याने त्याची कमजोर बाजू स्वतःच पुढे ठेवावी, कारण वाचणारा तिथूनच वाचायला सुरुवात करणार असतो.

आता चुकलेलं. हूबोल्ट यांचे आकडे फार आशावादी होते. डिसेंबर १९६० मधल्या एका सादरीकरणात मॅक्स फॅगेट या नामांकित अभियंत्याने, यांचे आकडे खोटं बोलतात, असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. शब्द कठोर होते, पण संशय निराधार नव्हता, कारण उतरणाऱ्या यानाचं वजन हूबोल्ट यांनी फारच कमी धरलं होतं. प्रत्यक्षात अपोलो ११ चं ते यान इंधनासह सुमारे १५ टनांचं झालं. सी-३ नावाचं मध्यम रॉकेट पुरेल, असं त्यांनी पत्रात लिहिलं. शेवटी त्याहून मोठं सॅटर्न ५ लागलं. दिशा बरोबर होती, तरी फुगवलेल्या आकड्यांमुळे ती वर्षभर संशयाच्या छायेत राहिली. आपल्या बाजूचा आकडा थोडा जड धरूनही पर्याय जिंकत असेल, तर तोच आकडा लिहावा.

सुरही चुकला होता. आम्हाला परवानगी आणि सी-३ द्या, आम्ही माणसं चंद्रावर पोहोचवून दाखवतो, त्यासाठी ह्यूस्टनच्या साम्राज्याची गरज नाही, असा टोमणा त्यांनी मारला. ह्यूस्टनचं केंद्र नुकतंच जाहीर झालं होतं आणि पुढे याच मंडळींचा होकार मिळवायचा होता. अशा वाक्याने पटणारा माणूसही दुखावतो. मात्र वरच्यांना डावलून लिहिणं रीतीला धरून नाही याची कबुली त्यांनी पत्रातच दिली, आणि हे प्रामाणिक होतं.

पत्र तरलं ते सीमन्स यांच्यामुळे. त्यांनी डिसेंबरमध्ये उत्तर दिलं. मुद्दे गंभीरपणे पाहण्यासारखे आहेत, आणि जाणकार माणसांवर जाचक चौकटी लादणं संस्थेला व देशाला घातक ठरेल, असं त्यांनी लिहिलं. ते पत्र त्यांनी मानवी अंतराळ उड्डाणाचे नवे प्रमुख ब्रेनर्ड होम्स यांच्याकडे पाठवलं. तिथून ते जोसेफ शे या अभियंत्याकडे गेलं. त्यांनी सुराकडे दुर्लक्ष करून गणित पुन्हा मांडायला लावलं. केंद्रा-केंद्रांत नव्याने वजनं काढली गेली. ७ जून १९६२ रोजी हंट्सव्हिलच्या बैठकीत फॉन ब्राउन यांनी आपल्याच लोकांना धक्का दिला. आपल्या केंद्राने ज्या मार्गावर मेहनत घेतली होती तो बाजूला ठेवून त्यांनी चंद्रकक्षेतल्या भेटीची शिफारस केली. दशकाच्या आत यश मिळण्याची खात्री याच मार्गात सर्वाधिक आहे, आणि उतरणारं यान व परतणारं यान वेगळं केल्याने दोन्हींची रचना सुटसुटीत होते, ही त्यांची कारणं होती. आपल्याला आधी शंका होती हेही त्यांनी कबूल केलं. ११ जुलैला निर्णय जाहीर झाला. राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जेरोम वीझनर यांचा विरोध त्यानंतरही काही महिने चालू होता, पण निर्णय टिकला. सात वर्षांनी, २० जुलै १९६९ रोजी, माणूस याच पद्धतीने चंद्रावर उतरला.

तुम्हाला असं पत्र लिहायचं असेल, तर हूबोल्ट यांच्याकडून प्रश्न आणि अहवाल घ्या, टोमणा सोडून द्या आणि वजन जड धरा. आणि तुम्ही वरच्या खुर्चीत असाल, तर खालून आलेल्या अशा कागदाला महिनाभरात सही करून लेखी उत्तर द्या आणि गणित तिसऱ्याच माणसाकडून तपासून घ्या.